पहिला माणूस कामावर ठेवताना काय विचारायचं? छोट्या दुकानदारासाठी पायरीपायरीने

गोव्यात फोंड्याला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप, नळ, फिटिंग, रंग, खिळे, ताडपत्री असा सगळा माल. पहिला कामगार ठेवला तेव्हा मी त्याला चार प्रश्न विचारले होते. गाव कुठलं, शिक्षण किती, नीट काम करशील ना, मध्येच सोडून जाणार नाहीस ना? चारही उत्तरं मला हवी तशी आली. तेविसाव्या दिवशी तो यायचा थांबला. मग उधारीची वही तपासली, तर तीन मिस्त्रींनी नेलेला माल त्यात लिहिलेलाच नव्हता. मुलगा वाईट नव्हता. गर्दीत वहीत लिहून ठेवायची त्याला सवय नव्हती, आणि ती आहे का हे मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून ओळखीचे बरेच दुकानदार, बेकरीवाले, गॅरेजवाले माणूस ठेवण्याआधी माझ्याशी बोलून जातात. जवळजवळ सगळे एकच चूक करतात. उमेदवार समोर येऊन बसला की मग काय विचारायचं ते ठरवत बसतात. प्रश्न त्याच्या चार-पाच दिवस आधी तयार व्हायला हवेत, आणि तेही आपल्या कामातून. खालचा क्रम त्यासाठी आहे. उदाहरण माझ्याच दुकानाचं घेते, तुम्ही तुमचं काम त्या जागी ठेवून वाचा.

१. आधी आठ दिवस स्वतःच्या कामाची वही लिहा

जाहिरात नाही, ओळखीत सांगणं नाही, काहीच नाही. फक्त एक शंभर पानी वही गल्ल्याजवळ ठेवा. दिवसभरात जेव्हा जेव्हा वाटेल की ‘हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर बरं’, तेव्हा एक ओळ लिहा: वेळ, काम, किती मिनिटं. ‘साडेदहा, प्लंबरची चिठ्ठी, माल काढायला पंधरा मिनिटं, तोवर दोन गिऱ्हाइकं परत गेली.’ एवढं पुरे.

मला वाटत होतं की मला काउंटरवर बोलणारा माणूस हवा. वहीने वेगळंच सांगितलं. गिऱ्हाइकाशी बोलायला मी पुरत होते. वेळ जात होता तो चिठ्ठीप्रमाणे माल काढण्यात, दिलेला माल लिहून ठेवण्यात आणि आलेला माल मोजून फळीवर लावण्यात. म्हणजे मला गोड बोलणारा माणूस नको होता, मोजणारा आणि लिहिणारा हवा होता. ही वही नसती तर दुसऱ्या खेपेलाही मी बोलका मुलगाच निवडला असता.

आठ दिवसांत बाजाराचा दिवस येऊ द्या. तुमचा धंदा मोसमी असेल तर मोसमातल्या वेगळ्या कामांची एक ओळ आठवून लिहा. माझ्याकडे मे महिन्यात, पावसाच्या आधी, ताडपत्री आणि पत्र्याच्या स्क्रूला जी गर्दी होते ती फेब्रुवारीच्या वहीत दिसली नसती.

*तपासा:* वही चाळल्यावर माणसाच्या दिवसातले निदान पाच-सहा तास भरतात का? दोनच तास भरत असतील तर तुम्हाला अर्धवेळ माणूस हवा आहे. पूर्णवेळ ठेवलात तर त्याला बसवून ठेवाल आणि महिन्याभरात दोघांनाही कंटाळा येईल.

२. ‘पहिल्या दिवशी यायलाच हवं’ आणि ‘महिन्यात शिकता येईल’ यांची फारकत करा

वहीतल्या कामांसाठी काय काय यावं लागतं ते एका कागदावर उतरवा आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे असं, जे नसेल तर माणूस चालणारच नाही. उजवीकडे असं, जे तुम्ही शिकवू शकता.

माझ्या कागदावर सुरुवातीला डावीकडे अकरा गोष्टी होत्या. ‘हार्डवेअरची माहिती’ त्यात सगळ्यात वर. पण विचार केला, तर सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी पाइपातला फरक मी कुणालाही एका दुपारी शिकवू शकते. एक पिवळट, गरम पाण्याला चालणारा, दुसरा पांढरा, थंड पाण्याचा, आणि दोघांचं चिकटवायचं सोल्युशन वेगळं. फिटिंगची नावं पंधरा दिवसांत तोंडी बसतात. ते सगळं उजवीकडे गेलं.

डावीकडे तीनच गोष्टी उरल्या:

- दिलं-घेतलं त्याच क्षणी लिहून ठेवण्याची सवय.
- समजलं नाही तर अंदाज न मारता विचारणं.
- ओळखीच्या माणसालाही ‘नाही’ म्हणता येणं.

तिसरी गोष्ट आमच्याकडे फार महत्त्वाची. इथे काउंटरवर येणारा दुसरा-तिसरा माणूस गावातला, देवळातला किंवा नात्यातला असतो. मालक नसताना तो ‘लिहून ठेव, शनिवारी देतो’ म्हणाला, तर कामगाराची खरी परीक्षा तिथेच असते.

*सावध:* डावीकडे ‘प्रामाणिक’, ‘मेहनती’, ‘चांगल्या घरचा’ असे शब्द लिहू नका. असल्या शब्दांसाठी प्रश्नच तयार होत नाही, फार तर ‘तू प्रामाणिक आहेस का’ एवढंच विचारता येतं. त्या शब्दाने तुमच्या दुकानात नेमकी कुठली कृती दिसायला हवी ते लिहा. चारच्या वर गोष्टी ठेवू नका, कारण पाऊण तासात त्याहून जास्त नीट तपासून होत नाहीत.

३. जे सांगायचं आहे ते आधी पक्कं करा

पगार, वेळ, दुपारची सुट्टी, आठवड्याची सुट्टी, चवथीला किती दिवस दुकान बंद, पगाराची तारीख. हे सगळं तुम्ही उमेदवाराला *सांगायचं* असतं, विचारायचं नसतं. ‘तुला किती पाहिजे?’ हा प्रश्न आपण सहज विचारतो. पण गरजू माणूस त्यावर कमी आकडा सांगतो आणि दोन महिन्यांनी कुठे हजार रुपये जास्त दिसले की जातो. आकडा तुम्ही ठरवा आणि पहिल्याच फोनवर सांगा.

किमान वेतन पहिल्या माणसापासून लागू होतं, ‘आमचं छोटं दुकान आहे’ ही सबब त्यात चालत नाही. चालू दर आणि त्यावरचा महागाई भत्ता पणजीला पाटो इथल्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्या. गेल्या वर्षी शेजाऱ्याने दिलेला आकडा वापरू नका. भविष्य निर्वाह निधी साधारणपणे वीस माणसांपासून आणि कर्मचारी विमा दहा माणसांपासून लागतो, त्यामुळे एका माणसाच्या दुकानात ते ओझं नसतं. उमेदवाराने विचारलं तर हे स्पष्ट सांगता आलं पाहिजे.

वेळेच्या बाबतीत एक गोष्ट आधी पाहून ठेवा. दुकान साडेसातला बंद होतं, पण आतल्या गावांच्या बस त्याआधीच संपतात. ज्या गावांतून माणूस येण्याची शक्यता आहे तिथल्या शेवटच्या कदंबची आणि खासगी बसची वेळ स्टँडवर विचारून लिहून ठेवा. माणूस संध्याकाळी घरी कसा पोचणार याचा विचार न केल्यामुळे तुटलेल्या नोकऱ्या मी निदान चार पाहिल्या आहेत.

*तपासा:* वरच्या सहाही गोष्टी कागदावर लिहून झाल्या का? एखाद्या ठिकाणी ‘बघू नंतर’ असेल तर अजून उमेदवाराला बोलावू नका.

४. एकेका गोष्टीसाठी एक प्रश्न आणि दोन उपप्रश्न

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नियम साधा आहे: ‘तुम्ही काय कराल’ विचारण्यापेक्षा ‘तुम्ही काय केलंत’ विचारायचं. ‘कराल’ला सगळे चांगलंच उत्तर देतात, कारण समोरच्याला काय ऐकायचं आहे ते प्रश्नातच दिसतं. ‘केलंत’ म्हटल्यावर माणसाला खरा प्रसंग आठवावा लागतो. मग त्यात जागा, माणसं, आकडे येतात, आणि ते आले नाहीत तर तेही दिसतं.

लिहून ठेवण्याच्या सवयीसाठी मी आधी विचारायची, ‘हिशेब जमतो का?’ उत्तर नेहमी ‘हो’. आता असं विचारते:

‘पैशांचा किंवा वस्तूंचा हिशेब तुम्ही शेवटचा कधी ठेवलात? दुकानाचाच पाहिजे असं नाही. घरचा, बचत गटाचा, सार्वजनिक गणपतीच्या वर्गणीचा, कुठलाही चालेल.’
उपप्रश्न एक: ‘कुठे लिहायचात आणि दिवसातून कधी?’
उपप्रश्न दोन: ‘हिशेब जुळला नाही असं झालं तेव्हा काय केलंत?’

‘दुकानाचाच पाहिजे असं नाही’ हे वाक्य गाळू नका. ज्याने आधी नोकरी केली नाही, किंवा जी बाई पंधरा वर्षं घरच सांभाळत होती, त्यांच्याकडेही सांगण्यासारखा अनुभव असतो. तुम्ही दार उघडं ठेवलंत तरच तो बाहेर येतो.

विचारण्याच्या सवयीसाठी:

‘कुणीतरी काम सांगितलं आणि ते नीट समजलं नाही, असा अलीकडचा एखादा प्रसंग सांगा.’
उपप्रश्न: ‘मग कुणाला विचारलंत? विचारलं नसेल तर पुढे काय झालं?’

‘नाही’ म्हणण्यासाठी:

‘ओळखीच्या किंवा नात्यातल्या माणसाने काही मागितलं आणि ते देणं तुमच्या हातात नव्हतं, असं कधी झालं? काय बोललात?’
उपप्रश्न: ‘नेमके शब्द आठवतात का? त्यानंतर त्या माणसाशी बोलणं राहिलं का?’

प्रसंग चटकन आठवला नाही तर माणसाला वेळ द्या. शांतता अर्धा मिनिट टिकू द्या. आपल्याला ती अवघड वाटते म्हणून आपणच उत्तर सुचवतो: ‘म्हणजे तू सांगितलं असशील ना, की मालकाला विचारतो?’ आणि तो म्हणतो, ‘हो, तसंच.’ झालं, प्रश्न वाया गेला. तरीही आठवलं नाही तर दुकानातलाच प्रसंग द्या. ‘मी जेवायला गेले आहे, तुमच्या वाड्यावरचा एक जण येऊन चार पिशव्या सिमेंट उधार मागतो. काय म्हणाल?’ पण हा दुसरा पर्याय, पहिला नव्हे.

प्रश्न झाले की प्रत्येकाखाली तीन ओळी लिहा: कसलं उत्तर आलं तर एक गुण, कसलं आलं तर तीन, कसलं आलं तर पाच. उमेदवार यायच्या आधी लिहा. तिसऱ्या प्रश्नासाठी माझ्या ओळी अशा होत्या:

एक: ‘ओळखीच्या माणसाला नाही कसं म्हणणार’ किंवा गुपचूप देऊन टाकलं.
तीन: नाही म्हटलं, पण भांडण झालं, किंवा दुसऱ्या कुणाच्या अंगावर ढकललं.
पाच: नाही म्हटलं, कारण सांगितलं, आणि पुढचा रस्ताही दाखवला. उदाहरणार्थ, ‘मालकीण तीन वाजता येते, तिला फोन लावून देते.’

हे शाळेच्या पेपरसारखं वाटेल, पण त्यामागे कारण आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली माणूस निवडण्याच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तेच आकडे पुन्हा काटेकोरपणे पाहिले. सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या मापाने गुण देण्याची मुलाखत दोन्ही वेळा मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा सरस ठरली, आणि २०२२ च्या तपासणीत तर ती सगळ्यात वर होती. मोठ्या कंपनीला त्यासाठी वेगळं खातं लागतं, दुकानदाराला एक कागद पुरतो.

५. जे विचारायचं नाही, आणि त्यामागची खरी शंका कशी सोडवायची

आपल्याकडे ओळखीची सुरुवातच ‘कुणाचा तू?’ने होते. गाव, वाडा, कुळदेवता, लग्न झालं का, मुलं किती. पाहुण्याला हे विचारणं माया असेल, पण नोकरी मागायला आलेल्या माणसाला उत्तर टाळायची सोय नसते. शिवाय एकदा कळलं की ते तुमच्या निर्णयात शिरतंच. १९७६ च्या समान वेतन कायद्याची जागा घेतलेल्या २०१९ च्या वेतन संहितेने भरतीत बाई-पुरुष भेद करायला मनाई केली आहे. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे.

प्रत्येक नको त्या प्रश्नामागे धंद्याची एक खरी शंका असते. ती शंका सरळ विचारा, आणि सगळ्यांना विचारा.

‘लग्न झालंय? मुलं लहान आहेत?’ यामागची शंका असते वेळेची. मग म्हणा: ‘सकाळी साडेआठ ते एक आणि साडेतीन ते साडेसात अशी वेळ आहे. यात तुम्हाला अडचण येणारी कुठली वेळ आहे का? संध्याकाळी घरी कशा जाणार?’ हेच तरुण मुलालाही विचारा.

‘धर्म कुठला, सण कुठले?’ यामागे शंका असते सुट्ट्यांची. ‘चवथीला पाच दिवस आणि नाताळला एक दिवस दुकान बंद असतं. याशिवाय वर्षात कुठल्या दिवशी तुम्हाला सुट्टी लागेलच?’ जत्रा, फेस्त, सप्ताह, परीक्षा, माणूस स्वतःच सांगतो. आलेल्या तारखा दिनदर्शिकेवर लिहा.

‘सोडून जाणार नाहीस ना?’ हा गोव्यातला सगळ्यात फुकट जाणारा प्रश्न. घरोघरी कुणी ना कुणी सरकारी नोकरीच्या वाटेवर आहे, आणि तशी आशा धरण्यात काही गैर नाही. ‘नाही’ असं वदवून घेतलंत तर तो तुमच्याशी पहिल्याच दिवशी खोटं बोलला एवढंच होईल. मी विचारते: ‘कर्मचारी निवड आयोगाचा किंवा दुसरा कुठला अर्ज भरलाय का? भरला असेल तर अडचण नाही. बोलावणं आलं तर किती दिवस आधी सांगू शकाल?’ ‘महिनाभर आधी सांगेन’ म्हणणारा माणूस ‘छे, मी कुठे जातो’ म्हणणाऱ्यापेक्षा मला जास्त उपयोगी पडला आहे.

*सावध:* वयाचा दाखला निवड झाल्यावर पाहा, आणि १८ पूर्ण आहेत याची खात्री करा. मूळ प्रमाणपत्रं स्वतःकडे ठेवून घेऊ नका. ‘म्हणजे पळून जाणार नाही’ असं सांगणारे भेटतील, पण तो दुसऱ्याच्या कागदांवर केलेला कब्जा आहे.

६. वीस मिनिटांचं खरं काम द्या

बोलण्यातून अर्धंच कळतं. उरलेलं हातात काम दिल्यावर कळतं. हे काम तुमच्या पहिल्या पायरीच्या वहीतूनच उचला.

मी एक चिठ्ठी देते, प्लंबरच्या अक्षरात असावी तशी: ‘एल्बो ४, पाऊण टी २, टेप ३, अर्धा इंची नळ १.’ समोर चार खोके ठेवते, प्रत्येकावर नाव आणि परीक्षेपुरती ठोकळ किंमत लिहिलेली. एल्बो १८, टी २५, टेप १५, नळ २४० रुपये. कॅल्क्युलेटर, कागद, पेन देते. म्हणते, ‘माल काढा, बिल लिहा. मी गिऱ्हाईक, काही विचारायचं तर विचारा.’ हार्डवेअर माहीत असायची गरज नाही.

चिठ्ठीत एक खाच मुद्दाम ठेवलेली असते: एल्बोचं माप लिहिलेलं नाही. खोक्यात अर्ध्या आणि पाऊण इंचाचे एल्बो मिसळलेले असतात. दिसायला सारखे, पण अंगावर आकडा कोरलेला. माणूस हातात घेऊन थांबतो का? ‘कुठल्या मापाचे?’ विचारतो का? की वरचे चार उचलून मोकळा होतो? दुकानात याच एका क्षणाने प्लंबर दुपारी पुन्हा येतो किंवा येत नाही.

बिल ४०७ रुपये होतं. मी ५०७ देते. सुटे सात का दिले हे ज्याला चटकन उमगतं तो शंभराची नोट परत करतो. नाही उमगलं तरी हरकत नाही, कॅल्क्युलेटरवर करून बरोबर आलं की पुरे. वेगाचे गुण मी देत नाही. वेग दोन आठवड्यांत येतो.

*सावध:* हे वीस मिनिटांतच संपवा आणि खऱ्या गिऱ्हाइकाचं काम करून घेऊ नका. अर्धा दिवस बसवून पाहायचं असेल तर त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या.

७. मुलाखतीचा दिवस: क्रम बदलू नका

दुकान बंद असतं ती दुपारची वेळ उत्तम. प्रत्येकाला पाऊण तास, आणि दोघांच्या मध्ये पंधरा मिनिटं मोकळी. वडील किंवा काका बरोबर आले तर त्यांना मानाने बाहेर बसवा, चहा द्या, आणि बोलणं फक्त उमेदवाराशी करा. नाहीतर उत्तरं काकांची येतात.

आधी पाच मिनिटं तुम्ही कामाची, पगाराची, वेळेची माहिती सांगा. मग तीन प्रश्न, सगळ्यांना त्याच क्रमाने. मग चिठ्ठीचं काम. मग वेळेचे आणि सुट्ट्यांचे प्रश्न. शेवटची दहा मिनिटं त्यांच्या प्रश्नांना. उत्तरं ऐकताना शब्द जसेच्या तसे टिपा आणि का लिहिता ते आधीच सांगून टाका: ‘मी विसरते म्हणून लिहिते.’

गुण उमेदवार बाहेर पडल्याबरोबर, त्या मोकळ्या पंधरा मिनिटांतच द्या. संध्याकाळपर्यंत थांबलात तर शेवटी आलेला माणूसच तेवढा लक्षात राहतो. आणि आवडला म्हणून जागेवरच होकार देऊ नका, सगळे होईपर्यंत थांबा.

मागच्या खेपेला माझ्याकडे तिघं आले. पहिला तेवीस वर्षांचा बी.कॉम., हसतमुख, बोलायला एकदम छान. दुसरी बारावी झालेली बाई, बोलताना जरा अडखळणारी. तिसरा दुसऱ्या एका हार्डवेअर दुकानात नऊ वर्षं काढलेला. तिघांना तीन प्रश्न आणि चिठ्ठी मिळून २० पैकी गुण होते.

पहिल्या मुलाला हिशेबाचा एकही प्रसंग सांगता आला नाही, ‘मी मॅनेज करतो’ एवढंच म्हणाला. न समजलेल्या कामाबद्दल ‘मला सगळं लगेच समजतं’ म्हणाला. बिल अचूक केलं, पण एल्बो न विचारता उचलले. १, १, ३ आणि ३, मिळून ८.

त्या बाई सहा वर्षं बचत गटाची वही लिहीत होत्या. एकदा चाळीस रुपये कमी भरले, तेव्हा त्याच रात्री दोन घरी जाऊन विचारल्याचं त्यांनी सांगितलं. नणंदेला गटाचे पैसे द्यायला नाही म्हटलं, पण त्यावरून दोन महिने बोलणं बंद होतं. चिठ्ठी हातात घेतल्यावर पहिलाच प्रश्न, ‘एल्बो कुठल्या मापाचा?’ ५, ५, ३ आणि ५, मिळून १८.

तिसऱ्याला माल तोंडपाठ. पण उधारीच्या प्रश्नाला म्हणाला, ‘मालकाला विचारायला वेळ कुठला, देऊन टाकायचो, मागाहून सांगायचो.’ ३, ३, १ आणि ५, मिळून १२.

खरं सांगते, कागद नसता तर मी तिसऱ्याला घेतलं असतं. शिकवायचं काम वाचलं असतं. पण माझ्या रेघेच्या डावीकडे जे होतं त्यातच तो कमी पडत होता, आणि नऊ वर्षांची ती सवय मला मोडता आली नसती.

त्या बाईंची शेवटची सोयीची बस ७.१० ला होती, दुकान साडेसातला बंद. गुणांत हे धरलं नव्हतं, कारण ते माणसाचं वैगुण्य नाही, वेळापत्रकाचं आहे. सकाळी अर्धा तास लवकर येऊन माल लावायचा आणि संध्याकाळी ६.५० ला निघायचं असं ठरलं.

८. आधीच्या मालकाला किंवा ओळखीच्याला फोन

हा फोन उमेदवाराला विचारूनच करा. तो अजून कुठे नोकरीत असेल आणि तिथे कळलं तर त्याची रोजीरोटी जाईल. आधी नोकरी नसेल तर ज्यांनी त्याचं काम पाहिलं आहे असं कुणीही चालेल: गटाची अध्यक्ष, शिक्षक, मंडळाचा खजिनदार. नातेवाईक नको.

‘माणूस कसा आहे?’ विचारलंत की ‘चांगला आहे’ हेच ऐकाल, आपल्याकडे कुणी कुणाच्या पोटावर पाय देत नाही. तीन गोष्टी विचारा. तुमच्याकडे नेमकं काय काम होतं आणि किती महिने? कुठल्या कामात त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागायचं? पुन्हा जागा निघाली तर बोलावाल का? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ लगेच येतं की आधी थोडा थांबा येतो, त्याकडे कान द्या. आणि उमेदवाराने सांगितलेला एक तपशील पडताळा. त्या बाईंच्या बाबतीत पडताळणीसाठी मी फक्त एवढंच विचारलं की गटाची वही कोण लिहायचं.

९. होकार कळवा, आणि कागद करा

होकार फोनवर, पण अटी कागदावर: नाव, काम, रुजू व्हायची तारीख, वेळ, पगार आणि त्याची तारीख, आठवड्याची सुट्टी, तीन महिने चाचणीचे, त्या काळात सोडायचं किंवा थांबवायचं तर दोन्ही बाजूंनी किती दिवस आधी सांगायचं. मराठीत, एका पानात. दोन प्रती, दोघांच्या सह्या. पगार शक्यतो बँकेत भरा, म्हणजे दोघांकडेही नोंद राहते.

मुलाखतीचा कागद फाडू नका. ज्या प्रश्नाला कमी गुण पडले तेच पहिल्या आठवड्याचं शिकवणं. त्या बाईंना ‘नाही’ म्हणण्यात तीन होते, म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही एक वाक्य ठरवून गल्ल्यामागे चिकटवलं: ‘उधारी मालकीण लिहिते, फोन लावून देते.’ त्यांना ते स्वतःच्या तोंडून कठोर वाटायचं, भिंतीवरचं बोट दाखवून म्हणणं सोपं गेलं.

न निवडलेल्यांना त्याच आठवड्यात फोन करून सांगा. ताटकळत ठेवलेला माणूस दुसरी संधी सोडून बसलेला असू शकतो. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला विचारा, ‘पुढे जागा निघाली तर फोन करू का?’ तो हो म्हणाला तर त्याचा नंबर तीन महिन्यांची चाचणी संपेपर्यंत वहीत राहू द्या.